ए, ई आणि आर : आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये अक्षरे ऐकून नावे-पत्ते लिहिण्याचा माझा अनुभव

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पुढे जीएनएमचा नर्सिंग अभ्यासक्रम केला आणि काही वर्षांपासून यवतमाळला एका खासगी दवाखान्यात नोकरी करते. इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी मी आयईएलटीएसची ॲकॅडमिक परीक्षा निवडली. तिच्यात लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ बँड लागतो. लिसनिंगचे चार भाग आणि ४० प्रश्न असतात, ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात आणि ७ बँडसाठी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. पहिला भाग सगळ्यांत सोपा समजला जातो. दोन माणसांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे असते, कोणी खोली भाड्याने घेत असते, कोणी सहलीसाठी नाव नोंदवत असते, आणि आपण समोरच्या फॉर्ममधल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात. माझे गुण मात्र याच भागात जात होते. त्यातही आडनाव किंवा पत्ता एकेक अक्षर सांगून लिहायला लावला की जात होते. हा लेख तेवढ्याच गोष्टीविषयी आहे.

जानेवारीत अभ्यास सुरू केला तेव्हा नोंदणी केलेली नव्हती. आयईएलटीएसच्या संकेतस्थळावर सरावाच्या नमुना चाचण्या फुकट मिळतात. रात्रपाळी नसेल त्या दिवशी मी एक चाचणी सोडवत असे आणि धाकटा भाऊ उत्तरपत्रिकेवरून तपासत असे. स्पेलिंग चुकले की गुण नाही, इतका सरळ नियम आहे. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी अर्धा गुणही मिळत नाही. पहिले काही दिवस मी समजत होते की माझा कान कच्चा आहे आणि बोलणारे फार भरभर बोलतात. मग एका सरावात, सुटीसाठी घर भाड्याने घेणाऱ्या बाईचे आडनाव आले. तिने ते सावकाश आणि स्वच्छ सांगितले होते. उत्तर होते HARGREAVES आणि माझ्या कागदावर होते HEAGAIEVIS.

भावाने दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि म्हणाला, "ताई, तू काही चुकीचं ऐकलंच नाही. तू मराठीत लिहिलं, वं!"

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. इंग्रजीत A या अक्षराचे नाव 'ए' आहे, पण गावाच्या पाट्या वाचत मोठे झालेल्या माणसाच्या डोक्यात 'ए' म्हणजे E असते. नेर तालुक्याची पाटी NER अशी असते. E चे नाव 'ई', पण वणीच्या पाटीवर शेवटची 'ई' I ने लिहिलेली असते, WANI. राहिला R. आपण त्याला 'आर' म्हणतो आणि र चांगला वाजवतो. दक्षिण इंग्लंडकडची माणसे शेवटचा र उच्चारतच नाहीत, त्यामुळे ऐकू येतो तो लांब 'आ'. आणि आ म्हटले की दारव्हा, आर्णी, सगळीकडे A. म्हणजे ऐकलेला ए मी E लिहीत होते, ई ऐकली की I आणि आ ऐकला की A. हरग्रीव्ह्ज आडनावातल्या दहा अक्षरांपैकी सहा अशी सरकली होती आणि उरलेली चार, म्हणजे H, G, V आणि S, अगदी बरोबर होती. मोबाइलवर रोज मराठी संदेश रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय असेल, तर हा घोळ जास्त पक्का होतो असे मला वाटते, कारण तिथे बोटे दिवसभर हेच समीकरण गिरवत असतात.

हे लक्षात आल्यावर काम पुष्कळ सोपे झाले, कारण सव्वीस अक्षरांचा सराव करण्याऐवजी मला तीन-चार अक्षरांची जुनी सवय मोडायची होती. भाऊ एक स्वर म्हणायचा आणि मी विचार न करता लिहायचे : 'ए' म्हटले की A, 'ई' म्हटले की E, 'आय' म्हटले की I, 'आ' म्हटले की R. सुरुवातीला त्याने दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा अशी आपल्याकडची नावे अक्षर-अक्षर करून सांगितली, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण दोन अक्षरे ऐकली की पुढचे नाव मला आधीच कळायचे आणि कान काम करायचाच थांबायचा. मग तो अर्थ नसलेले अक्षरसमूह स्वतः बनवू लागला, AERIE, REIAR असे, केवळ या चार अक्षरांचे. हा सराव कंटाळवाणा आहे आणि एका बैठकीत दहा मिनिटांपेक्षा जास्त करवत नाही, पण चाचण्यांमागून चाचण्या सोडवून जे झाले नव्हते ते याने झाले. त्याच काळात भूमिका उलट करून मीही त्याला अक्षरे सांगत असे, आणि तोंडाने 'ए' म्हणताना डोळ्यांसमोर A आणायची सवय लावून घेतली.

दुसरा घोटाळा B आणि P चा होता. D आणि T चाही तोच. याचे कारण मला एका वरिष्ठ सिस्टरनी सांगितले. त्या काही वर्षे आखाती देशात इंग्रज डॉक्टरांबरोबर काम करून आल्या आहेत. आपला 'प' कोरडा असतो, तोंडातून हवा सुटत नाही. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा प म्हणतो तेव्हा हवेची फुंकर सुटते, त्यामुळे त्याचा P आपल्या कानाला जवळजवळ 'फी' वाटतो आणि T 'ठी'. उलट, आपण 'ब' म्हणताना ओठ उघडण्याआधीच घशात कंप सुरू झालेला असतो, त्यांच्या B मध्ये तो बहुधा इतका आधी सुरू होत नाही, म्हणून त्यांचा 'बी' आपल्याला 'पी' वाटू शकतो. सिस्टरनी सांगितलेली खूण सोपी होती : फुंकर ऐकू आली तर P किंवा T, फुंकर नसेल तर B किंवा D. हाताचा पंजा तोंडासमोर धरून दोन्ही प्रकारे म्हणून पाहिले की फरक लगेच कळतो. आपण भाऊ-बहीण आपसात सराव करतो तेव्हा मात्र दोघेही कोरडाच प म्हणतो, त्यामुळे ही जोडी घरच्या सरावात कधीच चुकत नाही आणि ध्वनिमुद्रण लावले की चुकते. तेवढ्यासाठी खरे ध्वनिमुद्रणच ऐकायला हवे.

F आणि S चा प्रकार आणखी वेगळा निघाला. मार्चमध्ये भाऊ शिक्षणासाठी अमरावतीला गेल्यावर आम्ही फोनवर सराव करू लागलो आणि एकाएकी मी 'एफ' आणि 'एस' ओळखेनाशी झाले. आधी आलेली गोष्ट बिघडली म्हणून मी घाबरले होते. पुढे कळले की साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच भाग पोचतो आणि S ची जी सीत्कारासारखी बारीक धार असते ती बरीचशी त्याच्या वर असते. ती कापली गेली की S आणि F यांत ओळखण्यासारखे फार थोडे उरते. त्यात आमच्या गावाला टॉवरची रेंज कशी असते ते मी सांगायला नको. फोनचा सराव आम्ही स्वरांपुरता ठेवला आणि F, S, M, N साठी भाऊ आवाज मुद्रित करून पाठवू लागला. तो मी इअरफोन लावून ऐकत असे. परीक्षेतही हेडफोन असतात, त्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर सराव करून स्वतःला कमी लेखू नये.

एप्रिलमध्ये नोंदणी केली. भारतात ही परीक्षा आयडीपी ही संस्था घेते. अर्ज ऑनलाइन भरला, मूळ पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव टाकले आणि सतरा हजारांच्या घरात शुल्क भरले. माझ्यासाठी ही रक्कम मोठी होती, म्हणून सरावात पहिला भाग सातत्याने सुधारेपर्यंत मी अर्ज थांबवून ठेवला होता. तेव्हा कागदावरची परीक्षा की संगणकावरची, असा पर्याय होता आणि तो निर्णय मी स्पेलिंगच्या दृष्टीनेही विचार करून घेतला. कागदावरच्या परीक्षेत ऐकणे संपल्यावर उत्तरे उतरवायला १० मिनिटे मिळत. संगणकावर तपासायला फक्त २ मिनिटे असतात, पण उत्तरे ऐकता ऐकताच टाइप केलेली असतात. मी संगणक निवडला, कारण निकाल काही दिवसांतच मिळतो. उत्तर मोठ्या लिपीत लिहिले की लहान, याला महत्त्व नाही, त्यामुळे मी सगळे मोठ्या लिपीत टाइप करायचे ठरवले आणि पहिले अक्षर मोठे की लहान हा प्रश्नच उरला नाही.

यानंतरचे दिवस पत्त्यांवर गेले. पत्त्यातले सगळेच अक्षर-अक्षर करून सांगत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. स्टेशन रोड, चर्च लेन, ब्रिज स्ट्रीट अशी नावे सरळ बोलली जातात आणि त्यांचे स्पेलिंग आपल्याला यायलाच हवे असते. CRESCENT, AVENUE, TERRACE हे शब्द रस्त्याच्या नावात येतात हेही मला माहीत नव्हते; आमच्याकडे पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे'. ते शब्द मी लिहून लिहून पाठ केले. अवघड किंवा दोन प्रकारे लिहिता येणारे नाव असेल तरच अक्षरे सांगतात, आणि कधी कधी सगळी न सांगता फक्त वेगळेपणा सांगतात. 'क्लार्क, विथ ॲन ई' असे म्हटले तर उत्तर CLARKE होते, ती ई शेवटी जाते. 'ऑल वन वर्ड' म्हटले तर MILLBROOK सारखे नाव तोडायचे नाही. 'डबल' हा शब्द अक्षराच्या आधी येतो, त्यामुळे तो ऐकताच कागदावर दोन छोट्या रेघा ओढायच्या आणि पुढचे अक्षर दोन्हींवर लिहायचे अशी युक्ती मी केली. नाहीतर 'डबल टी' मधला टी एकदाच लिहिला जातो. शिवाय बोलणारा मध्येच 'सॉरी, नो' म्हणून अक्षर किंवा घर क्रमांक बदलतो. आधीचे खोडून पुढचे घ्यायचे, हे माहीत असले तरी हात पहिल्यालाच चिकटून राहतो.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो ब्रिटिश पिनकोडची, म्हणजे पोस्टकोडची, रचना समजून घेतल्याचा. आपल्या सहा आकड्यांच्या पिनला सरावलेल्या माणसाला अक्षरे आणि आकडे मिसळलेला तो कोड नुसता गोंगाट वाटतो. पण त्याचे दोन तुकडे असतात आणि दुसरा तुकडा नेहमी एक आकडा आणि दोन अक्षरे असा असतो. सरावातला एक कोड सांगते. बोलणारा म्हणाला, "पी ई एट, ओ टी डी". माझ्या कानाला ते 'फी, ई, एट, ओ, ठी, डी' असे आले. पहिल्याला फुंकर होती म्हणून P. दुसरी ई, जुन्या सवयीने I होणारी, म्हणून मुद्दाम E. तिसरे 'एट' की A की H, असा गोंधळ होऊ शकतो, पण नीट ऐकले तर शेवटी 'ट' आहे, म्हणून आकडा 8. मग क्षणभर थांबणे, म्हणजे दुसरा तुकडा सुरू. तिथे पहिल्या जागी अक्षर येऊच शकत नाही, म्हणून 'ओ' हा शून्यच. इंग्रज माणसे शून्याला सर्रास ओ म्हणतात. पुढे फुंकर असलेला T आणि फुंकर नसलेला D. उत्तर PE8 0TD.

याच रचनेत आणखी एक सोय दडलेली आहे. दुसऱ्या तुकड्याच्या दोन अक्षरांत C, I, K, M, O आणि V ही अक्षरे वापरतच नाहीत. म्हणजे तिथे M की N असा प्रश्न पडला तर N, B की V असा पडला तर B आणि E की I असा पडला तर E. सरावाच्या काही पुस्तकांत कोड मनाने बनवलेले असतात आणि ते हा नियम पाळतीलच असे नाही, त्यामुळे स्पष्ट ऐकू आलेले अक्षर नियमासाठी बदलू नये. शंका असेल तेव्हाच त्याचा आधार घ्यावा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा पत्ता असेल तर हा प्रश्नच येत नाही, तिथे पिनकोड चार आकड्यांचा असतो. मात्र ऑस्ट्रेलियन बोलणाऱ्याचा A 'आय'कडे झुकतो, आणि 'ए म्हणजे A' हे नुकते पक्के केलेला माणूस तो ऐकून खुशाल I लिहितो. त्यावर मला सापडलेला उपाय एवढाच, की संभाषणाच्या पहिल्या दोन वाक्यांत 'डे', 'टुडे' असा एखादा शब्द येतो का आणि तो 'डाय'सारखा वाजतो का, याकडे लक्ष ठेवायचे. अमेरिकन माणूस Z ला 'झी' म्हणतो, ते G च्या 'जी'शी गल्लत करायला लावते. पण त्याचा R खणखणीत असतो, तेवढा दिलासा.

परीक्षा मे महिन्यात, नागपूरला. आदल्या दिवशी एसटीने यवतमाळहून गेले आणि मावशीकडे मुक्काम केला, कारण सकाळच्या सत्रासाठी पहाटे निघून उन्हातून पोचण्यात अर्थ नव्हता. केंद्रावर मूळ पासपोर्ट तपासला, फोटो आणि बोटाचा ठसा घेतला, मोबाइल आणि घड्याळ बाहेर ठेवायला लावले. जागेवर हेडफोन, कच्च्या कामासाठी कागद आणि पेन्सिल होते. सुरू होण्याआधी आवाज कमी-जास्त करून पाहू देतात. मी तो नेहमीपेक्षा थोडा वाढवून ठेवला, कारण F आणि S चा फरक हळू आवाजात पहिल्यांदा हरवतो.

प्रश्नपत्रिकेचे तपशील सांगता येत नाहीत, पण एक आडनाव आणि एक पत्ता अक्षरे सांगून आला, एवढे सांगायला हरकत नसावी. दोन्ही वेळा मी आधी कागदावर लिहिले आणि मग टाइप केले. थेट टाइप करताना एखादे अक्षर सुटले तर कर्सर मागे न्यावा लागतो आणि तोवर पुढची दोन अक्षरे निघून जातात; कागदावर त्या जागी रेघ ओढून पुढे जाता येते. एक अक्षर सुटलेच. ते M होते की N, हे मला आजही माहीत नाही. रेघ तशीच ठेवून मी पुढच्या प्रश्नाकडे गेले आणि शेवटच्या २ मिनिटांत, इंग्रजी नावांत जास्त पाहिलेले रूप कोणते, एवढ्यावरून एक अक्षर भरले. सरावाच्या काळात अशा एका अक्षरापायी माझे पुढचे दोन-दोन प्रश्न जात असत, कारण मी त्याच नावात अडकून बसायचे. खरे नुकसान त्या नावाचा एक गुण नसून हे होते. उत्तराची जागा रिकामी मात्र ठेवू नये, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

निकाल त्याच आठवड्यात ऑनलाइन आला. लिसनिंगला हवा होता तो बँड मिळाला. रायटिंगही पुरेसे झाले. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, त्यामुळे आता कौन्सिलच्या पुढच्या अर्जाची आणि संगणकावरच्या नर्सिंग परीक्षेची तयारी सुरू आहे. परवा त्या अर्जाच्या संदर्भात एका बाईंनी फोनवर माझ्या आडनावाचे स्पेलिंग विचारले, तेव्हा मी 'ए' म्हटल्यावर त्यांनी "ए फॉर ॲपल?" असे विचारून खात्री केली. मला ते आवडले. दवाखान्यात रुग्णाचे नाव फोनवर लिहून घेताना मीही आता तसेच विचारते, विशेषतः M आणि N च्या वेळी.